साठ्याचे २२ दिवस कमी झाले, मग पैसे कमीच का सुटले?

एका कारखान्यात साठ्याचे दिवस ९० वरून ६८ वर आणले. ताळेबंदातला साठा ३३ लाखांनी उतरला. बँकेत मात्र १८ लाखच आले. बाकीचे १५ लाख कुठे गेले? चोरी झालेली नाही, हिशेबातही चूक नाही. या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की साठ्यात अडकलेलं खेळतं भांडवल म्हणजे काय, हेही आपोआप उलगडतं. म्हणून हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

कारखाना पंप बनवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत, सगळे लाखांत, आणि चलन कुठलंही धरा. वर्षाची विक्री ७३०, म्हणजे रोजची २ लाख. विकलेल्या पंपांचा उत्पादन खर्च वर्षाला ५४७.५, म्हणजे रोजचा १.५ लाख. त्यातला १ लाख कच्चा माल आणि अर्धा लाख मजुरी, वीज, भाडं वगैरे. गोदामात आणि शॉपफ्लोअरवर मिळून साठा १३५ लाखांचा. गिऱ्हाइकांकडून येणं ९० लाख, पुरवठादारांचं देणं ४५ लाख.

```
साठ्याचे दिवस = साठा ÷ रोजचा उत्पादन खर्च = १३५ ÷ १.५ = ९०
येण्याचे दिवस = येणी ÷ रोजची विक्री       = ९० ÷ २   = ४५
देण्याचे दिवस = देणी ÷ रोजचा उत्पादन खर्च = ४५ ÷ १.५ = ३०

रोख चक्र = ९० + ४५ − ३० = १०५ दिवस
```

हेच ते कॅश कन्व्हर्जन सायकल. पुरवठादाराला दिलेला पैसा गिऱ्हाइकाकडून परत हातात पडेपर्यंत साधारण १०५ दिवस जातात, आणि तेवढे दिवस कारखाना स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर चालतो. रकमेत बोलायचं तर १३५ अधिक ९० वजा ४५, म्हणजे १८० लाख कायम गुंतलेले. धंदा चालू आहे तोवर हा पैसा सुटत नाही. एक पंप विकला जातो तेव्हा त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

इथे एक बारकावा आहे. चक्रातला प्रत्येक दिवस सारख्या किमतीचा नसतो. साठ्याचा एक दिवस कमी केला तर १.५ लाखांचा फरक पडतो, उधारीचा एक दिवस कमी केला तर २ लाखांचा, कारण येण्यात नफाही मिसळलेला असतो. म्हणून १०५ ला एकाच आकड्याने गुणून ‘एवढे पैसे अडकलेत’ असं सांगता येत नाही.

आधी ९० हा आकडा खरा आहे का ते बघा

साठ्याचे दिवस काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे साठ्याला विक्रीने भागणं. १३५ ला २ ने भागलं की ६७.५ दिवस येतात, आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण साठा खरेदी आणि उत्पादनाच्या भावाने धरलेला असतो, विक्रीत नफा असतो. वरचा आणि खालचा आकडा एकाच भावाचा हवा. नफ्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकी ही चूक मोठी होते आणि नेहमी आपल्याला सुखावणाऱ्या बाजूलाच होते.

दुसरी चूक वर्षअखेरच्या आकड्याची. या कारखान्यात शेवटच्या महिन्यात खरेदी थोपवून धरतात, तयार माल घाईने रवाना करतात, आणि ताळेबंदाच्या दिवशी साठा १०८ लाख दिसतो. म्हणजे ७२ दिवस. पुढच्या महिन्यात थोपवलेली सगळी खरेदी आत येते. बारा महिनाअखेरींची सरासरी काढली तर ती १३५ निघते, आणि व्याज याच सरासरीवर भरावं लागतं. त्यामुळे ताळेबंदावरून काढलेले साठ्याचे दिवस हे बऱ्याचदा वर्षातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं छायाचित्र असतं.

हंगामी किंवा वेगाने वाढणाऱ्या धंद्यात तिसरी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भाजक गेल्या वर्षाचा आणि साठा येणाऱ्या महिन्यांसाठी, असं झालं की दिवस फुगलेले दिसतात. तिथे साठ्याला पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या अपेक्षित रोजच्या खर्चाने भागलेलं बरं. आपल्या कारखान्याची विक्री वर्षभर सारखी आहे, म्हणून हे इथेच सोडू.

९० च्या पोटात काय आहे

एकूण आकडा घेऊन काहीच करता येत नाही. तो फोडावा लागतो. १३५ पैकी ६० लाखांचा कच्चा माल, २१ लाखांचा अर्धवट तयार माल आणि ५४ लाखांचे तयार पंप आहेत. प्रत्येकाला १.५ ने भागलं तर ४०, १४ आणि ३६ दिवस येतात, आणि बेरीज बरोबर ९० होते.

पण कच्चा माल रोज १.५ लाखांचा लागत नाही, १ लाखाचा लागतो. म्हणजे कास्टिंग किंवा बेअरिंग गोदामात ४० नव्हे, ६० दिवस पडून असतं. पुढे शॉपफ्लोअरवर १४ आणि तयार पंप म्हणून ३६. एकूण प्रवास ११० दिवसांचा. ९० हा खोटा आकडा नाही, तो सगळ्या साठ्याला एकाच मापाने मोजल्यामुळे आलेला आहे. चक्र दर महिन्याला ताडून बघायला तो पुरतो. कुठे कात्री लावायची हे ठरवताना मात्र त्या त्या टप्प्याचा स्वतःचा भाजक घ्यावा: कच्च्या मालाला रोजचा वापर, तयार मालाला रोजचा उत्पादन खर्च. (अर्धवट मालाला खरं तर मधलाच कुठलातरी भाजक हवा, कारण त्यात मजुरी अर्धीच चढलेली असते. पण १४ चे १६-१७ झाले तरी निर्णय बदलत नाही.)

देण्यालाही हेच लागू. ४५ लाखांच्या देण्याला रोजच्या १ लाखाच्या खरेदीने भागलं तर ४५ दिवसांची उधारी निघते, आणि पुरवठादारांशी ठरलेली मुदतही तेवढीच आहे. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. माल गोदामात ६० दिवस पडतो आणि त्याचे पैसे ४५व्या दिवशी द्यावे लागतात. म्हणजे सरासरी कास्टिंग गोदामातून हललेलंही नसतं, तेव्हा त्याचं बिल चुकतं झालेलं असतं.

न हलणारा माल

६० लाखांच्या कच्च्या मालाची यादी शेवटच्या वापराच्या तारखेनुसार लावली. १५ लाखांचा माल १८० दिवसांत एकदाही हललेला नाही. बंद झालेल्या मॉडेलची कास्टिंग, जुन्या मापाचे सील, एका मोठ्या ऑर्डरसाठी आणलेले आणि ती रद्द झाल्यावर उरलेले शाफ्ट. उरलेल्या ४५ लाखांचा माल रोज १ लाखाने वापरला जातो, म्हणजे ४५ दिवसांचा. खरेदी विभागाला ‘६० दिवस फार झाले, कमी करा’ असं सांगितलं असतं तर त्यांनी रोज लागणारा मालच कमी केला असता, कारण दुसरं काही कमी करणं त्यांच्या हातातच नाही. सरासरीचा हा धोका आहे: पडून असलेल्या मालाची शिक्षा चालू मालाला होते.

पडून असलेला १५ लाखांचा माल काढला. काही पुरवठादाराने कमी भावात परत घेतला, बाकी भंगारात गेला, आणि सगळे मिळून ४ लाख आले. साठा १५ लाखांनी उतरला, साठ्याचे दिवस १० ने कमी झाले, रोख मात्र ४ लाख. राहिलेले ११ लाख तोटा म्हणून लिहावे लागले. लेखांकनाचा नियम असा की साठा उत्पादन खर्च किंवा विकून निव्वळ मिळू शकेल ती रक्कम, यातल्या कमी असेल त्या आकड्याने धरायचा. आंतरराष्ट्रीय लेखा मानक आयएएस २ हेच सांगतं. त्यामुळे हा तोटा खरं तर मॉडेल बंद झालं तेव्हाच दिसायला हवा होता. तो लांबवल्यामुळे ‘अडकलेलं भांडवल’ म्हणून जे दिसत होतं त्यातला मोठा भाग भांडवल उरलेलाच नव्हता.

यावरून एक खूण बांधून ठेवता येते. साठ्याचे दिवस अचानक उतरले आणि त्याच तिमाहीत साठा तोटा म्हणून लिहिल्याची रक्कम मोठी असेल, तर रोख चक्र सुधारलं असं समजू नये. नुसतं पुस्तक साफ झालेलं असतं.

कास्टिंगचा लॉट आणि सवलतीचं गणित

चालू मालात सगळ्यात मोठी गुंतवणूक कास्टिंगमध्ये. रोजचा वापर ०.३ लाखांचा. एका वेळी ६० दिवसांचा लॉट मागवतात, १८ लाखांचा, कारण एवढं उचललं की पुरवठादार २ टक्के सवलत देतो. शिवाय उशीर झाला तर हाताशी असावा म्हणून ३ लाखांचा राखीव साठा. लॉट आला की साठा चढतो आणि हळूहळू उतरतो, म्हणून सरासरी साठा म्हणजे लॉटचा निम्मा अधिक राखीव: ९ + ३ = १२ लाख.

लॉट २० दिवसांचा, ६ लाखांचा केला तर सरासरी ३ + ३ = ६ लाख होते आणि ६ लाख सुटतात. ऐकायला छान. पण सवलत गेली. वर्षाची कास्टिंग खरेदी १०९.५ लाखांची, तिचे २ टक्के म्हणजे जवळजवळ २.२ लाख. आणि ६ लाखांचा साठा सांभाळण्याचा खर्च किती? बँकेचं व्याज १२ टक्के आणि जागा, विमा, गंज, हाताळणी मिळून ८ टक्के धरले तर वर्षाला १.२ लाख. म्हणजे भांडवल सोडवण्याच्या नादात वर्षाला १ लाख जास्त जातील, शिवाय गाडीच्या फेऱ्या तिप्पट होतील ते वेगळंच. या भावाने साधारण १.१ टक्क्याहून मोठी सवलत सोडणं परवडत नाही. कर्जाची मर्यादाच संपली असेल आणि पगार अडत असतील तर गोष्ट निराळी. तेव्हा पैसा आज हातात असण्याची किंमत व्याजाच्या दरात मावत नाही.

सहसा यातून मधला रस्ता निघतो. पुरवठादाराला सवलत द्यायला परवडते ती वर्षाच्या हमीमुळे आणि साचा एकदा लावून सलग ओतकाम करता येतं म्हणून. मग वर्षाच्या मालाचा दर आणि प्रमाण एकदा ठरवायचं, त्याने त्याच्या सोयीने ओतायचं, आणि आपण दर २० दिवसांनी हप्त्याने उचलायचं. दोन गोष्टी लेखी हव्यात: त्याच्याकडे तयार पडलेला जास्तीत जास्त किती माल वर्षअखेर आपल्याला उचलावाच लागेल, आणि बिल ओतल्याच्या तारखेचं की पोचल्याच्या तारखेचं. दुसरी अट सुटली तर माल त्याच्या गोदामात आणि देणं आपल्या माथी, असं होतं आणि चक्र जागचं हलत नाही. इथे ते जमलं असं धरू. सवलत राहिली, ६ लाख सुटले.

सरसकट कपातीने काय होतं तेही याच जागी बघून घेऊ. ‘सगळ्या मालात २० टक्के कमी’ असा हुकूम निघाला की तो सील, ओ-रिंग आणि बोल्टनाही लागू होतो. या सगळ्यांचा साठा मिळून ३ लाखांचा, म्हणजे वाचले ६० हजार. मग एका मापाचा सील पाच दिवस मिळत नाही. आधीची जुळणी चालूच असते, त्यामुळे रोज सव्वा लाखाच्या आसपासचे पंप सीलवाचून उभे राहतात आणि पाच दिवसांत अर्धवट मालात सहा लाखांच्या वर साचतात. कच्च्या मालाचे दिवस कमी आणि अर्धवट मालाचे जास्त, असं चित्र एकाच महिन्यात दिसलं तर बहुतेक वेळा एखादा स्वस्त भाग अडलेला असतो. तो शोधायला शॉपफ्लोअरवर जाऊन उभे पंप कशासाठी थांबलेत ते विचारावं. अहवालात ते सापडत नाही. स्वस्त भागांचा साठा दोन-तीन महिन्यांचा राहिला तरी बिघडत नाही.

तयार पंप आणि फसवा नफा

तयार माल ५४ लाखांचा, ३६ दिवसांचा. मॉडेल बदलताना मशीनची जुळवाजुळव करायला अर्धा दिवस जातो, म्हणून एकेका मॉडेलचा महिन्याभराचा माल एकदम बनवून ठेवतात. जुळवाजुळवीचा वेळ कमी केला की लॉट लहान करता येतो. लॉट लहान झाले आणि तयार साठा १२ लाखांनी उतरून ४२ वर आला, म्हणजे २८ दिवसांचा.

हे १२ लाख रोख नाहीत. साठा उतरवण्यासाठी कारखान्याने काही आठवडे विक्रीपेक्षा कमी पंप बनवले. न बनवलेल्या पंपांसाठी कच्चा माल आणावा लागला नाही, तो दोनतृतीयांश, म्हणजे ८ लाखांचा. उरलेले ४ लाख मजुरी, भाडं, पगार यांचे. पंप कमी बनले म्हणून कोणी भाडं कमी घेत नाही. थोडी वीज वाचते, ती सोडून देऊ. रोख सुटली ८ लाख.

आणि त्या ४ लाखांनी त्या वर्षीचा नफाही कमी दिसतो. कारखान्याचे स्थिर खर्च पंपाच्या किमतीत मिसळलेले असतात. पंप गोदामात असेपर्यंत ते खर्च साठ्यात बसून राहतात, पंप विकला की नफ्यातोट्यात उतरतात. विक्रीपेक्षा जास्त बनवलं तर या वर्षाचे काही स्थिर खर्च साठ्यात लपतात आणि नफा फुगतो. साठा उतरवला की जुने लपलेले खर्च बाहेर येतात. उत्पादन असामान्यपणे जास्त झालं तर प्रत्येक नगावर चढणारा स्थिर खर्च कमी धरावा असं आयएएस २ सांगतं, त्यामुळे गैरफायद्याला थोडा लगाम बसतो, पण परिणाम नाहीसा होत नाही. म्हणून नफा वाढतोय, साठ्याचे दिवसही वाढताहेत आणि बँकेतली शिल्लक कमी होतेय, असं त्रिकूट दिसलं तर पहिला संशय गोदामावर घ्यावा. उत्पादन प्रमुखाचा बोनस नगांच्या संख्येवर असेल तर संशय घ्यायचीही गरज नाही.

१५ लाखांचा हिशेब

आता बेरीज करू. साठा उतरला १५ + ६ + १२ = ३३ लाख. रोख सुटली ४ + ६ + ८ = १८ लाख. फरक १५ लाखांचा: ११ लाख मेलेल्या मालाचा तोटा आणि ४ लाख साठ्यातून बाहेर आलेले स्थिर खर्च. हे पैसे आधीच्या वर्षांत कधीच खर्च झाले होते, फक्त ताळेबंदात साठा म्हणून उभे होते. म्हणूनच नफ्यात बरोबर १५ लाखांचा खड्डा दिसतो. साठा १०२ लाख, म्हणजे ६८ दिवस, आणि चक्र ६८ + ४५ − ३० = ८३ दिवस.

पण हे ८३ लगेच दिसत नाहीत. समजा हे सगळं ४२ दिवसांत केलं. एरवी त्या काळात ४२ लाखांची खरेदी झाली असती, आता ६ आणि ८ मिळून १४ लाखांनी कमी, म्हणजे २८ लाखांची झाली. तरी त्या ४२ दिवसांत चुकवायची बिलं जुन्या खरेदीची असतात, पूर्वीइतकीच मोठी. देणी मात्र घटतात, कारण नवीन बिलं लहान आहेत: शेवटच्या ४५ दिवसांची खरेदी ३१ लाख, आणि तेवढंच देणं. देण्याचे दिवस ३० वरून २१ वर येतात आणि चक्र ९२ दिसतं. खरेदी जेवढी कमी झाली तेवढीच देणी उतरल्यामुळे बँकेत भंगाराचे ४ लाख सोडले तर काहीच हललेलं नसतं.

नेमक्या याच टप्प्यावर मोहीम गुंडाळली जाते. ‘गोदाम रिकामं केलं, पैसे कुठे आहेत?’ असा प्रश्न बैठकीत येतो आणि खरेदी पुन्हा सैल होते. कमी खरेदीची बिलं चुकवायची वेळ ४५ दिवसांनी येते, म्हणजे बचत ४६व्या दिवसापासून ८७व्या दिवसापर्यंत थोडी थोडी उतरते. खरेदी पूर्ववत रोज १ लाखावर आली की देणी परत ४५ लाखांवर चढतात आणि १४ लाख बँकेत उरतात. त्यामुळे मधल्या काळात मोजायचं ते शिल्लक रकमेवरून नव्हे. दर आठवड्याला तीन आकडे लिहावेत: आत आलेल्या मालाची रक्कम, वापरलेल्या मालाची रक्कम आणि पुढच्या सहा आठवड्यांत चुकवायची बिलं. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी राहिला आणि तिसरा उतरत गेला, तर पैसे वाटेवर आहेत.